मुकादमाची तक्रार केली, तरी पुढच्या हंगामात काम मिळालं पाहिजे

विदर्भातल्या कापूस पट्ट्यात एखाद्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात जाऊन 'तुमच्याकडे तक्रार निवारण समिती आहे का?' असं विचारलं, तर पुष्कळदा ऑफिसातून एक फाईल निघते. तिच्यात सदस्यांची नावं असतात, सह्या असतात, एखाद्या बैठकीचं इतिवृत्त असतं आणि तक्रारींच्या रकान्यात 'निरंक' लिहिलेलं असतं. त्याच कारखान्याच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर मात्र तक्रारी ऐकू येतात. कोणाचा जादा वेळ हिशेबात धरला नाही, कोणी कामावर असताना खाडा लागला, कोणाला पंधरा दिवस सलग धुळीच्या जागेवर ठेवलं. समितीकडे का जात नाही असं विचारलं की उत्तर येतं, "सांगून काय होते भाऊ? हजेरी मुकादमच लावते. उद्या 'येऊ नको' म्हणलं त कोणाकडे जाऊ?"

ही भीती खरी आहे, आणि समिती उभारणाऱ्याने सगळ्यात आधी ती समजून घ्यायला हवी. शहरातल्या ऑफिसात तक्रारदाराला काढून टाकायचं तर पत्र द्यावं लागतं, कारण द्यावं लागतं. हंगामी कारखान्यात तसं काहीच करावं लागत नाही. कापसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो. पुढच्या वर्षी कोणाला निरोप पाठवायचा हे मुकादम ठरवतो. ज्याने तोंड उघडलं त्याला निरोप जात नाही, एवढंच होतं. कागदावर काहीही दिसत नाही. शिवाय मुकादम त्याच गावचा असतो, कधी नात्यातला असतो, अडीअडचणीला त्याच्याकडून उचल घेतलेली असते. तेव्हा समितीवर विश्वास बसायचा असेल तर तिथे काम करणाऱ्या बाईला एकाच प्रश्नाचं उत्तर मिळालं पाहिजे: मी तक्रार केली, तर पुढच्या दिवाळीनंतर मला काम मिळेल का? या लेखात बाकी जे काही सांगतो आहे ते याच प्रश्नाभोवतीचं आहे.

कायदा किती सांगतो

औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. 20 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत वैयक्तिक तक्रारींसाठी समिती असलीच पाहिजे, असं तिच्या कलम 4 मध्ये आहे. मालकाच्या बाजूचे आणि कामगारांच्या बाजूचे सदस्य सारखे, एकूण दहापेक्षा जास्त नाहीत. अध्यक्षपद एक वर्ष एका बाजूकडे, पुढचं वर्ष दुसऱ्या बाजूकडे. ज्या दिवशी तक्रारीचं कारण घडलं त्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा, आणि अर्ज आल्यापासून 30 दिवसांत समितीने काम पूर्ण करायचं.

यातल्या दोन गोष्टींकडे कंपन्यांचं लक्ष कमी जातं. पहिली म्हणजे महिला सदस्यांचं प्रमाण. एकूण कामगारांत बायांचं जेवढं प्रमाण, त्याहून समितीत कमी चालत नाही. समजा 180 कामगारांत 70 बाया आहेत, म्हणजे शंभरात जवळपास 39. सहा जणांच्या समितीत दोन बाया घेतल्या तर ते शंभरात 33 होतं, म्हणजे कमी पडतं. तिथे तीन बाया घ्याव्या लागतात. 'दोन तर आहेत ना' म्हणून भागत नाही. दुसरी गोष्ट निर्णयाची. नुसतं बहुमत पुरत नाही. कामगारांच्या बाजूच्या सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक जण मान्य असल्याशिवाय तो समितीचा निर्णय मानलाच जात नाही. तीन कामगार सदस्य असतील तर त्यांतले किमान दोन. मालकाच्या बाजूचे तिघे आणि कामगारांमधला एक 'आपला माणूस' मिळून निकाल लावण्याची वाट कायद्यानेच बंद केली आहे. ही तरतूद कामगारांना माहीत नसते. पहिल्याच सभेत ती मोठ्याने वाचून दाखवावी.

कामगार सदस्य निवडायचे कसे? कारखान्यात संघटना असेल तर तिच्याशी बोलल्याशिवाय नावं ठरवू नयेत. संघटना नसेल तर विभागवार चिठ्ठी टाकून मतदान घ्यावं, आणि ज्यांच्या हातात हजेरीची वही आहे त्यांना उभं राहू देऊ नये. मॅनेजर चांगल्या मनाने म्हणतो, "मुकादमाला घेऊ, त्याला सगळ्यांचं माहीत असतं." माहीत असतं हे खरं, पण त्याला घेतलं की त्याच्या हाताखालच्या चाळीस जणांसाठी समिती त्याच दिवशी संपली.

ठेकेदारामार्फत आलेल्यांचा प्रश्न वेगळा विचारात घ्यावा लागतो. अशा कारखान्यांत हमाल, कापूस वेचणाऱ्या बाया, गठाणी चढवणारे यांतले बरेच जण ठेकेदाराच्या पटावर असतात. त्यांच्यासाठी समितीचं दार बंद ठेवलं तर ज्यांना गरज सगळ्यात जास्त तेच बाहेर राहतात. म्हणून समितीच्या नियमातच लिहून टाकावं की गेटच्या आत काम करणारा कोणीही, पट कोणाचाही असो, तक्रार करू शकेल; आणि ठेकेदाराच्या करारातही समितीसमोर वही आणि कागद हजर करण्याची अट घालावी. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी शेवटी मूळ मालकावर येते, हे कायद्यात आहेच. तेव्हा हे ऐकून घेण्यात कंपनीचंही हित आहे.

एक तक्रार, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत

आता एक उदाहरण घेऊ. हे समजण्यासाठी रचलेलं आहे, पण असे वाद जिनिंगमध्ये खरोखर होतात. कापसातला काडीकचरा, प्लास्टिक, पिवळी पडलेली बोंडं वेचणाऱ्या बायांची सकाळी 8 ते संध्याकाळी 5 अशी पाळी आहे, मधे एक तास जेवणाचा. आवक वाढली की त्यांना संध्याकाळी 7 पर्यंत थांबवतात. हिशेब सोपा जावा म्हणून रोज 560 रुपये धरू, म्हणजे तासाला 70. जादा वेळेची मजुरी दुप्पट असते, म्हणून जादा तासाला 140. एका महिन्यात एक बाई 11 दिवस 7 पर्यंत थांबली. तिच्या मते 22 तास झाले. तिच्या हिशेबात फक्त 8 तास लागले. उरलेल्या 14 तासांचे 1,960 रुपये तिला मिळालेले नाहीत.

ती जाणार कुठे? मॅनेजरच्या खिडकीखाली कुलूप लावलेली पेटी आणि तिच्यावर कॅमेरा, अशा पेटीत ती कधीच चिठ्ठी टाकणार नाही. तिला लिहिताही येत नसेल. म्हणून तक्रार कुठल्याही समिती सदस्याला, कुठेही, तोंडी सांगता आली पाहिजे. गावात घरी, बाजाराच्या दिवशी, पाणी भरताना. सदस्याने ती तिच्याच शब्दांत लिहायची, तिला वाचून दाखवायची, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि क्रमांक व तारीख टाकून पोच द्यायची. ही छोटी पावती फार महत्त्वाची आहे, कारण 30 दिवस तिच्यावरच्या तारखेपासून मोजले जातात. पोच नसेल तर मुदत कुठून सुरू झाली हे सांगायला कोणी नाही, आणि तक्रार 'मिळालीच नाही' म्हणणं सोपं होतं.

पोच देतानाच सदस्याने विचारायचं: तुमचं नाव न सांगता हे तपासता आलं तर चालेल ना? इथे खोटं आश्वासन देऊ नये. 'तुमचं नाव कोणालाच कळणार नाही' असं कधीच म्हणू नये, कारण सहा बायांच्या गटात ते टिकत नाही आणि एकदा फुटलं की समितीवर कोणी विश्वास ठेवत नाही. नाव झाकायची खरी रीत कागद मागवण्याच्या पद्धतीत आहे. तिच्या एकटीचा हिशेब मागवला तर ठेकेदाराला दहा मिनिटांत कळतं. त्याऐवजी समितीने त्या महिन्याच्या सगळ्या वेचणी बायांचे हजेरीचे कागद आणि गेटवरची पूर्ण वही मागवायची. मग कोणी तक्रार केली ते कागदावरून कळत नाही, आणि बाकीच्यांचंही असंच झालंय का तेही समोर येतं.

आता कागद काय सांगतात ते पाहू. गेटवर बसणारा चौकीदार आत-बाहेर जाण्याची वेळ लिहितो, आणि तो ठेकेदाराचा माणूस नसतो. त्याच्या वहीत त्या 11 दिवशी बाया 7 च्या पुढेमागे बाहेर पडल्याची नोंद आहे. म्हणजे 22 तास आत होत्या हे नक्की. मग मुकादमाच्या वहीत 8 का? मशीन विभागाची लॉगबुक काढली की उत्तर सापडतं. त्या संध्याकाळी कधी जिन चोक झालं होतं, कधी पट्टा तुटला होता. मशीन बंद होती तो वेळ मुकादमाने धरलेला नाही. त्याला विचारलं तर तो म्हणतो, "मशीन बंद त मजुरी बंद. मी आलो तवापासून असंच चालते."

या जागी चांगल्या समितीची ओळख पटते. मुकादमाने पैसे खाल्ले नाहीत. त्याने एक जुना, कुठेच न लिहिलेला नियम पाळला. पण मशीन बंद असताना त्या बायांना घरी जाऊ दिलं नव्हतं. 'आता चालू होईल' म्हणून थांबवलं, मशीनखालचा कचरा झाडायला लावला. मालकाच्या सांगण्यावरून गेटच्या आत थांबलेला वेळ हा कामाचा वेळ आहे, असा निर्णय समितीने द्यायला हवा. निर्णयात चार गोष्टी स्पष्ट लिहायच्या: तक्रारदार बाईला 1,960 रुपये, त्या महिन्यात असंच झालेल्या बाकीच्या बायांनाही त्यांच्या तासांप्रमाणे फरक, यापुढे जादा वेळ गेटच्या वहीवरूनच धरायचा, आणि पैसे कोणत्या तारखेच्या पगारात, कोणाच्या सहीने द्यायचे. तारीख नसलेला निर्णय अंमलात येत नाही. 'लवकरात लवकर फरक अदा करावा' असं लिहिलेले निर्णय कपाटात तसेच राहतात.

फरक सगळ्यांना दिल्याने तक्रारदार पुन्हा एकदा झाकली जाते. एकटीच्याच हातात पैसे पडले असते तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं.

वेळेचं म्हणाल तर मी 30 दिवस पूर्ण वापरण्याच्या विरुद्ध आहे. आठवड्याच्या हप्त्यावर घर चालतं तिथे महिना फार लांब असतो. पहिल्या तीन दिवसांत तक्रारदाराशी बोलणं, दहाव्या दिवसापर्यंत कागद, पंधराव्याला मुकादम आणि ठेकेदाराचं म्हणणं, आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी निर्णय. उरलेले दिवस अडचणीसाठी राखून ठेवावेत. लग्नसराई, सणाच्या सुट्या, कापसाची मोठी आवक यांत ते जातातच.

नात्याचा माणूस समितीत असेल तर

दोन-चार गावांतून आलेल्या 180 माणसांत कोणी कोणाचा भाऊ, साळा, व्याही असणारच. नातं असलेलं कोणीच नको म्हटलं तर समितीच बनणार नाही. म्हणून नियम साधा ठेवावा: ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्या घरातला, नात्यातला, त्याच्याशी उधार-उसनवारीचा व्यवहार असलेला सदस्य त्या तक्रारीत बसणार नाही. त्याच्या जागी आधीच निवडून ठेवलेला राखीव सदस्य बसेल, त्याच बाजूचा. हे दरवेळी बैठकीच्या सुरुवातीला विचारायचं आणि लिहून ठेवायचं. उसनवारीचा उल्लेख मुद्दाम करतो आहे. नातं लोक लगेच सांगतात, देणं सांगत नाहीत, आणि गावात माणसाचं तोंड बंद होतं ते पुष्कळदा देण्याने.

जातीवरून शिवीगाळ झाल्याची तक्रार आली तर ती इथे 'समजावून' मिटवायची नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, 1989 खाली तो गुन्हा ठरू शकतो, आणि तक्रारदाराला पोलिसांत जाण्याचा हक्क आहे हे समितीने स्वतःहून सांगायचं. लैंगिक छळाच्या तक्रारीचंही तसंच. तिच्यासाठी 2013 च्या कायद्याप्रमाणे वेगळी अंतर्गत समिती लागते, जिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला असते, निम्म्याहून कमी बाया चालत नाहीत आणि एक सदस्य कारखान्याबाहेरची व्यक्ती असते. बाई चुकून मजुरीच्या समितीकडे आली तर सदस्याने खोलात विचारपूस करायची नाही. त्याच दिवशी तिला योग्य समितीकडे घेऊन जायचं. तीच गोष्ट दोनदा, दोन वेगळ्या लोकांपुढे सांगायला लावणं हाच तिच्यावर अन्याय आहे.

निर्णयानंतरचे सहा महिने

बहुतेक समित्या निर्णय देऊन मोकळ्या होतात. खरं काम तिथून सुरू होतं. बदला कधी उघडपणे घेतला जात नाही. बाईला रोज दाराजवळच्या मोकळ्या जागेवरून उठवून धुळीच्या कोपऱ्यात बसवतात. जादा वेळेसाठी तिला थांबवणंच बंद करतात, म्हणजे महिन्याची मिळकत घटते. पाच मिनिटं उशीर झाला तर अर्धा दिवस खाडा. यातली एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर क्षुल्लक वाटते, म्हणून ती एकत्र पाहायची सोय हवी. समितीच्या सचिवाने तक्रारदाराचे महिन्याचे कामाचे दिवस, जादा तास आणि कामाची जागा यांची नोंद तक्रारीआधीच्या दोन महिन्यांशी ताडून पाहावी, दर महिन्याला, सहा महिने. तिच्याच गटातल्या बाकी बायांचे आकडेही शेजारी ठेवावेत. आवक कमी झाली तर सगळ्यांचेच तास घटतात. तिचे एकटीचेच घटले असतील तर मुकादमाला लेखी कारण विचारायचं.

आणि हंगाम संपला की एक यादी बनवायची. या हंगामात कोण कोण कामावर होतं त्यांची, पटावर ठेकेदाराचे असले तरी सगळ्यांची. ती यादी ऑफिसात आणि समितीकडे, दोन्हीकडे राहील. दिवाळीनंतर भरती सुरू होताना ठेकेदाराने नव्या यादीसोबत जुन्यांपैकी कोणाला बोलावलं नाही आणि का, ते लिहून द्यायचं. 'काम कमी आहे' हे कारण चालेल, पण मग त्याच कामावर नवीन माणूस घेता येणार नाही. समितीने ती यादी पहिल्या आठवड्यातच पाहायची, महिन्याने नाही. महिन्याभरात जागा भरून जाते आणि मग 'आता कुठे घेऊ' हे उत्तर तयार असतं. हे नियम मालकाच्या सहीने ठेकेदाराच्या करारात असायला हवेत. समितीकडे ठेकेदाराला हुकूम देण्याची ताकद नाही. मालकाकडे आहे, आणि मालक ती वापरायला तयार नसेल तर त्याने समिती दाखवण्यापुरती आहे हे मान्य करावं.

लोकांना काय कळलं पाहिजे तेही ठरवून घ्यावं. पाण्याच्या टाकीजवळ फळा लावून त्यावर नाव, विभाग न लिहिता तक्रारीचा प्रकार, निर्णय आणि लागलेले दिवस लिहावेत. 'जादा वेळ कमी धरला, गेटच्या वहीप्रमाणे फरक दिला, 20 दिवस.' अशा दोन-तीन ओळी वाचल्या की पुढची बाई येते. सुरुवातीला तक्रारी वाढतील. मालक घाबरतो आणि म्हणतो, समितीमुळे कटकट वाढली. आधी टपरीवर बोललं जायचं ते आता कागदावर येतंय, एवढाच तो बदल आहे. चिंता करायची ती एखाद्या विभागातून वर्षभर एकही तक्रार येत नसेल तेव्हा. तिथे कामगार सदस्याने जाऊन बसायचं, मुकादम नसताना.

शेवटी निर्णय पटला नाही, किंवा मुदतीत निर्णयच आला नाही, तर काय? कामगार आपल्या संघटनेमार्फत 60 दिवसांच्या आत समेट अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. समितीने दिलेल्या प्रत्येक निर्णयाच्या खाली ही ओळ छापलेली असावी, जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाचा पत्ता आणि 60 वा दिवस कोणत्या तारखेला येतो त्यासह. ती तारीख सदस्यानेच मोजून हाताने लिहायची आणि निर्णय हातात देताना बोट ठेवून वाचून दाखवायची.